दोरी बांधलेला दगड

क्योतो

प्रिय आई, सायोचा नमस्कार.

मी पोटभर जेवते, काळजी नको. बाबांचा खोकला कसा आहे?

काल माझ्या चहाविधीच्या गुरुजींचा रुसलेला भाऊ चहाला आला. त्याआधी गुरुजींनी चहाघराच्या कोनाड्यातलं चित्रही काढलं. म्हणाले, "रिकामंच राहू दे. आमच्यात आधीच पुष्कळ आहे."

काळी दोरी बांधलेला दगड म्हणजे वाट बंद. मी घाईत तो दुसऱ्या वाटेऐवजी चहाघराच्याच वाटेवर ठेवला! भाऊ दगडापाशी थबकला आणि परत फिरला. त्या बागेत कुणी बोलत नाही, हाक कशी मारू?

आतून ते पाहून गुरुजी चहाघराच्या बुटक्या दारातून रांगत बाहेर आले आणि दाताळ्याने रेघा ओढलेल्या पांढऱ्या वाळूतून धावत सुटले. "अरे, दगडाचं बरं ऐकतोस!"

संध्याकाळी, भाऊ चहा पिऊन गेल्यावर, मी वाळू सारखी करायला गेले, तर गुरुजी म्हणाले, "पावलं राहू देत."

त्या दगडाबद्दल मला मात्र अजून काहीच बोललेले नाहीत.

तुझी,
सायो