आत्याच्या जागी मी

ब्राउनश्वाइग, १२ फेब्रु. १९६१

मंगळवारी ह्या वहीत लिहिलेलं दुरुस्त करते. "मूळ फोटोत आत्या हललेली, चेहरा पुसट, म्हणून तिच्या जागी मी स्वतःला बसवलं." खोटं आहे. आज भिंग लावून मूळ प्रत पाहिली. आत्या मुळीच हललेली नाही. कानामागे घेतलेली चष्म्याची काडीसुद्धा दिसते.

दादांच्या साठीशांतीचा फोटो. पुढे खुर्च्यांवर आई-दादा, मागे वासू आणि वहिनी, आईच्या खुर्चीमागे आत्या. घरातली फक्त मीच त्यात नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

दादांचं पत्र कालच आलं. मी जोडून पाठवलेला फोटो दिवाणखान्यात लागला. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. आणि पुढे : "अक्काला वगळलंस ते योग्यच केलंस. मंगल प्रसंगाचा फोटो. ती येऊन उभी राहिली, मला तिला सरक म्हणवेना. परदेशात राहूनही तुला रीत कळते."

असं माझ्या मनातही नव्हतं. आत्या विधवा आहे हे मला फोटो करताना आठवलंसुद्धा नाही.

१४ फेब्रु.

उत्तराचा पहिला मसुदा. सगळं क्रमाने लिहिलं, म्हणजे त्यांना कळेल :

पुण्याची प्रत दोन बाजूंनी दिवे लावून पुन्हा टिपली, मोठी केली. त्यात ऊन डावीकडून, म्हणून माझा फोटो काढताना दिवाही डावीकडे, पुढे पातळ कागद, सावली मऊ पडावी म्हणून. माझं डोकं वहिनीच्या डोक्याएवढं होईपर्यंत एन्लार्जर वर-खाली. कागद त्याच जातीचा, नाहीतर काळा रंग जुळत नाही. मग धारदार पात्याने स्वतःला कापलं, कडा मागून पॉलिशपेपरने घासून पातळ केल्या, चिकटवलं, जोडावर बारीक ब्रशने करडा रंग. सगळ्याचा पुन्हा एक फोटो. त्या शेवटच्या निगेटिव्हवरून छापलं की जोड दिसत नाही.

माझा फोटो कमरेपर्यंतचाच. डार्करूमशेजारची खोली लहान, मागे सरकायला जागा नाही. पाय नसलेली बाई टोकाला उभी करता येत नाही. खुर्चीमागेच हवी. खुर्चीमागे आत्या.

वाचून पाहिलं. प्रत्येक वाक्य खरं. तरी पत्र खरं वाटेना. का, ते कळेना.

१६ फेब्रु.

फ्राउ लिंडनर आमच्या डार्करूमच्या प्रमुख. आज त्यांना दादांचं म्हणणं सांगितलं. चहा ढवळत म्हणाल्या, "हे बघ, मी तेव्हाच विचारलं होतं तुला. ह्या बाईंचं काय?"

"मी काय म्हणाले होते?"

"म्हणालीस, ती काही म्हणायची नाही."

हो. म्हणाले होते. शब्द न् शब्द तोच. कापण्याआधी.

१७ फेब्रु.

वासूचं पत्र, दादांना न सांगता लिहिलेलं. आत्याने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "पोरीने बरोबर केलं. मीच मेली मध्ये उभी राहिले होते." मग वहिनीला म्हणाली, "बारीक झालीय ग ती. तिकडे पोळी मिळत नसेल." तेव्हापासून दिवाणखान्यात बसायला येत नाही, स्वयंपाकघरातच.

वासू विचारतो, "ताई, खरंच तू मुद्दाम केलंस?"

शाळेत घालण्याआधी दोन वर्षं मला आत्याने घरीच शिकवलं. बेरीज चुकली तर पाटी पुसू द्यायची नाही. चूक कुठे झाली ते आधी बोट ठेवून दाखवायचं.

दुपारी जेवले नाही. कँटीनमध्ये बटाटे होते.

२२ फेब्रु.

दुसरा मसुदा. कृती दोन ओळींत. नंतर : "दादा, मी रीत पाळली नाही. मला जागा हवी होती. टपाल गाठायचं होतं. घरात न विचारता बाजूला करता येईल असं एकच माणूस होतं, त्यालाच मी बाजूला केलं."

माझं पत्र घरी जेवणानंतर वासू मोठ्याने वाचतो. दादा आरामखुर्चीत, आत्या दाराशी. म्हणजे हे वाक्य तिच्यासमोर वाचलं जाणार. दादांनी लोकांना काय काय सांगून ठेवलं असेल. आईला रडू येईल. वासूला वेगळं लिहिलं तर दादांचा मान राहतो, पण मग आत्याला मी चोरून सांगितल्यासारखं.

वासूच्या पत्राचा उल्लेख करायचा नाही. त्याला बोलणी बसतील.

२४ फेब्रु.

नवा फोटो करायचा. ह्या वेळी कॉरिडॉरमध्ये, पायापर्यंत, बूट नाही, चपला. मी वासूशेजारी टोकाला. पायाखालची सावली रंगवावी लागेल, ती मला अजून नीट जमत नाही. फ्राउ लिंडनर म्हणाल्या, दोन आठवडे धर.

फोटोबरोबरच पत्र पाठवावं असं सकाळी ठरवलं होतं. संध्याकाळी लक्षात आलं, ही पळवाट. आत्याला फोटोत परत आणलं की पत्रात काही कबूल करायलाच नको.

पत्राच्या वर लिहिलं : "वासू, सगळे बसले की वाच. आत्याला आत बोलाव, दाराशी नको." दादा हे वाचू देतील की नाही, सांगता येत नाही. आत्या आत येईल की नाही, तेही.

पत्र आधी. एकटंच. सोमवारी, २७ फेब्रुवारीला, सकाळी पोस्ट उघडल्याबरोबर.