दाढीवाला कप्तान

मंगळवार, ४ नोव्हेंबर
माझ्या लेकीला, तूवाला, शाळेत 'घरच्यांचं काम' हे चित्र काढायचं होतं. तिने काढलं – फेरीबोटीच्या सुकाणूपाशी मी, दाढीसकट! मला दाढी नाही, आणि बोटीत पाय ठेवला की पोट ढवळतं. बारा वर्षं फ्योर्डच्या खाडीत बोट चालवते ती तिची आई, राग्नहिल. मी बेकरीत पाव भाजतो, संध्याकाळी जेवताना तूवाला गोष्टी रचून सांगतो, बस.
"अगं, मम्मा कुठाय?"
सात वर्षांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "ही काय, खिडकीत. हात हलवतेय. गोष्टीत कप्तान असाच असतो."
राग्नहिल हसली. मग एकच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिली.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कप्तान पुरुषच, हे हिच्या डोक्यात आलं कुठून? संशय शाळेच्या वाचनाच्या पुस्तकावर. बसून चित्रं मोजली – एकतीस मुलगे, एकतीस मुली. तंतोतंत! उगाच डाफरलो बिचाऱ्या पुस्तकावर.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
राग्नहिल म्हणाली, "डोकी काय मोजतोस? कोण काय करतंय ते मोज. आणि तिला शिकवत बसू नकोस, विचार नुसतं."
टेबलावर दोन वाट्या मांडल्या. चित्रात मुलगा काही काम करत असेल तर पहिल्या वाटीत वाटाणा, मुलगी करत असेल तर दुसरीत राजमा. तूवाने एकेक पान उलटलं. वाटाणे चोवीस, राजमे नऊ.
"मग बाकीच्या मुली?"
"बघतायत. हा पूल बांधतो, ती बघते. हा झाडावर चढतो, ती म्हणते, 'अरे बापरे!'" मग मी न विचारताच – "पप्पा, प्राण्यांची नावं पण सगळी मुलांची! गोगलगायीचंसुद्धा!"
मी चाळीस वर्षं पुस्तकं वाचतोय. मला हे कधी दिसलं नाही. हिला एकाच संध्याकाळी दिसलं!

शनिवार, ८ नोव्हेंबर
राग्नहिलने तिला बोटीवर सुकाणूपाशी बोलावलं. पूर्वी धावत जायची. आज – "नको, मी खिडकीत बसते."

रविवार, ९ नोव्हेंबर
धड्यातल्या मुलामुलींच्या नावांची अदलाबदल करून वाचलं. सिग्ने पूल बांधते, युनास बघत बसतो. तूवा इतकी हसली की हातातला वॉफल खाली पडला. तो उचलता उचलता तिने विचारलं,
"पप्पा, मला हसू का आलं?"
केवढा प्रश्न, आणि केवढीशी पोर!

मंगळवार, ११ नोव्हेंबर
शाळेच्या बाईंना पुस्तकाबद्दल तक्रारीचं पत्र लिहायला बसलो. तूवाने दाढीवाला कप्तान जिथून उचलला त्या पानाचा नंबर कळवावा म्हणून पुस्तक पुन्हा चाळलं. त्यात कप्तानच नाही.
"तूवा, तो दाढीवाला कुठल्या पानावर आहे गं?"
"पुस्तकात कुठे? तुझ्या गोष्टीत! रोज तूच तर सांगतोस." आणि तिने राजम्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. "तुझ्या गोष्टींतल्या काम करणाऱ्या मुलीपण मोजल्या मी."
वाटी रिकामी होती.