सिंहाच्या छातीवरचा हात

सोमवार, ४

पोचलो एकदाचे. घर छोटं, टुमदार, भरपूर उजेडाचं. आणि ज्या खोलीतलं चित्रांचं छत साफ करायला मला बोलावलंय ती बघून प्रवासाचा शीण कुठच्या कुठे पळाला. छत इतकं खाली की बुटक्या परांचीवर बसलं तरी तळहात टेकतो. त्यावर एका ओळीत बारा राशी, तळहाताएवढ्या, काजळीनं माखलेल्या. खाली फरशीत काळ्या दगडाचा माणूस जडवलाय, पाठीवर झोपलेला. मेंढ्याच्या खाली त्याचं डोकं, माशांच्या खाली पावलं.

धाकटी माझ्यासोबत आलीय. पुढच्या महिन्यात तिची पहिली मोठी मैफल आहे, म्हणून गळ्याला विश्रांती. विश्रांती कसली, आल्या आल्या त्या दगडी माणसावर आडवी झाली. डोक्याला डोकं, पायाला पाय, तंतोतंत बसली. "ताई, माझ्याच मापाचा शिवलाय बघ," म्हणाली आणि तिथूनच एक तान घेतली. घरमालक दारात होते. ते हसले नाहीत, पण म्हातारी माणसं प्रत्येक गोष्टीला हसत नाहीत.

मंगळवार, ५

घरमालक निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांचे पूर्वजही वैद्यच. रोग्याला त्या फरशीवर निजवलं की वरच्या राशी त्याच्याशी जुळतात म्हणे, मग वर बघत उपचार करायचे. आज चहा घेता घेता त्यांनी सगळं समजावलं. हर्मीस नावाच्या कुणा पुराणपुरुषाच्या नावावर एक इवलासा मजकूर आहे, पाचूच्या पाटीवर कोरलेला होता म्हणतात. त्यातलं वचन : जसं वर, तसं खाली. मी म्हटलं, म्हणजे आपलं पिंडी ते ब्रह्मांडी. ते म्हणाले, नात्यातलंच, पण या लोकांनी त्याचा व्यवहारच मांडला. सूर्याचं सोनं, चंद्राची चांदी, मंगळाचं लोखंड, शुक्राचं तांबं, शनीचं शिसं. मेष डोक्याची, वृषभ गळ्याची, मिथुन खांदे-हातांची, कर्क छाती-फुप्फुसांची, सिंह हृदयाचा, अशी उतरत उतरत मीन पावलांची. ग्रह ढकलतो म्हणून अवयव हलतो असं नव्हे. दोन्ही एकाच सुरात लावलेले असतात. एक तार छेडली की दुसरी आपोआप झंकारते.

त्यावरून एक नियम. चंद्र ज्या राशीत असेल, त्या राशीच्या अवयवाला लोखंड लावायचं नाही. चंद्र ओलाव्याचा मालक, तिथले रस तेव्हा भरतीला आलेले असतात. जुने वैद्य त्या दिवसांत तिथली शीर कधी कापत नसत. छतालाही तोच नियम, असं ते म्हणाले. चंद्र दोन-अडीच दिवसांत रास बदलतो, तेवढं थांबायचं. खरवडायला पात्याऐवजी माझ्या हातात त्यांनी हाडाची एक पट्टी ठेवली. मी मान डोलावली. म्हाताऱ्याची हौस, आपलं काय जातंय.

गुरुवार, ७

बैलाच्या मानेवर काजळीचा एक खडा होता, हाडाच्या पट्टीला दाद देईना. चंद्र वृषभेत आहे, हे त्यांनी सकाळीच बजावलं होतं. पण परांची तिथेच लागलेली. पुन्हा हलवायची, पुन्हा आणायची, कोण करणार? पोलादी पातं काढलं आणि एका झटक्यात खडा उडवला. खाली थोडा रंगही गेला, केसाएवढा.

संध्याकाळी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बैलाला हात लावला नाही. खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

शुक्रवार, ८

धाकटीचा आवाज बसलाय. बसला म्हणजे गेलाच, नुसती हवा येते. गार पाणी प्यायली असेल. मी तिला त्यावरून रागावलेसुद्धा. ती ओशाळली आणि पाटीवर लिहून माझी माफी मागितली.

तिनं माझी माफी मागितली. 

शनिवार, ९

हे लिहायची लाज वाटते. चंद्र मिथुनेत आलाय. मला खात्री करायची होती. योगायोग आहे हे एकदा कळलं असतं की मनातला काटा निघाला असता. म्हणून जुळ्यांपैकी एकाच्या डाव्या हातावर पात्यानं बारीक रेघ ओढली. दिसणारही नाही अशी.

स्वयंपाकघरात कप फुटला. धाकटी आपल्या डाव्या हाताकडे बघत उभी होती. बोटं वळत नव्हती.

मी पळत जाऊन तिचा हात चोळला. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्याच खांद्यावर. पातं अजून माझ्या खिशात होतं.

रविवार, १०

पातं विहिरीत टाकलं. रेघ रंगानं भरली, बैलाची मानही भरली. काही फरक नाही. रंग वरचा, जखम खालची.

घरमालकांना आडून विचारलं, की सगळं वरूनच खाली येतं ना? नाही म्हणाले. त्या मजकुराची सर्वांत जुनी प्रत अरबी आहे, लॅटिन नंतरची. त्या जुन्या प्रतीत वरचं खालून येतं आणि खालचं वरून, असं आहे. रस्ता दोन्हीकडून चालतो. मग माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना कळलंय. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं का, कोण जाणे.

सोमवार, ११

चंद्र कर्केत. मी छताला बोटही लावलेलं नाही. धाकटीला खोकला लागलाय, आणि ती खोकली की वर खेकड्याचा गिलावा फुगतो. पोपडे पडतात. पोपडे पडले की खोकला वाढतो.

मी सुरू केलं. आता ते आपलं आपण चाललंय.

मंगळवार, १२

घरमालकांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडायला हवे होते. म्हणाले, उद्या चंद्र सिंहेत जाईल. तिला जपा, घाबरवू नका. हृदय शांत राहिलं तर गिलावा राहील. गिलावा राहिला तर —

बुधवार, १३

सिंहाची छाती सुटलीय. आत चुन्याचा पातळ लगदा भरला, वर कागद चिकटवला. वाळेपर्यंत तळहातानं दाबून धरायचं. उजव्या हातानं लिहितेय. लिहीत राहिलं की डावा हात जागचा हलत नाही.

घरमालक शहरातून मोठ्या डॉक्टरांना आणायला गेलेत.

गिलाव्याखाली ठोके लागतात. तिचे. संथ आहेत.

—

ती आली. उठायचं नाही म्हटलं होतं तरी आली. दगडी माणसावर झोपलीय. तिथं बरं वाटतं, असं खुणेनं सांगितलं. फळ्यांच्या फटीतून तिचा चेहरा दिसतो. पुन्हा माफी मागतेय, ओठांनीच. माझं काम अडलं म्हणून.

सहन होत नाही. किती दिवस ती स्वतःलाच —

सांगून टाकलं. पातं, बैल, रेघ. आधी चुकून, मग मुद्दाम, तुझ्यावर करून बघायला. मन हलकं झालं.

माझं.

ती माझ्याकडे बघतेय. रडत नाही. ठोके वाढलेत. घाबरवू नका म्हणाले होते, हे मला आत्ता —

भेग. बोटांच्या मधून. आधी नव्हती. दाबते तशी पसरते —

बाळा, माझ्याकडे नको बघूस. डोळे मीट. शांत. हे मी तिला मोठ्यानं म्हणते आहे आणि ती बघतेच आहे —

चुरा पडतोय. हाताखाली एक ठोका. मग

एक

मग हाताखाली नुसता गार चुना आणि ती अजून डोळे उघडे ठेवून माझ्याक