सहावी ओळ

शनिवार, ७ फेब्रुवारी

तीन विरुद्ध तीन! सहा चिठ्ठ्या आणि कवितेचे सरळ दोन तुकडे.

आमच्या कवितामंडळाची पद्धत अशी : कविता कवीने वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. मग कुणीही तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं - ‘इथे काय घडतं?’ आवडली की नाही, हे नंतर. चर्चा संपेपर्यंत कवीने गप्प बसायचं. मंडळ चालवणाऱ्या भूमितीबाई (शाळेत भूमिती शिकवायच्या, म्हणून हे नाव) याबाबतीत फार कडक. मागे एकाने ‘मला असं म्हणायचं होतं’ एवढंच म्हटलं, तर त्याला खिडकीपाशी नेऊन बसवलं!

माझी कविता टपालकाकांनी (पोस्टातून निवृत्त झालेले) वाचली. इथे उतरवून ठेवते.

वरून हाक येते.
मी बाहीची घडी सरळ करते.
पुन्हा हाक येते.
आता कॉलर.
मग जिना, तेरा पायऱ्या,
आणि वर सगळं आवरलेलं.

टपालकाका आणि आणखी दोघांनी लिहिलं : आई गेली आहे. तिची हाक हिला अजून ऐकू येते. वर जाऊन बघते तर खोली रिकामी. मला हेच हवं होतं.

सिस्टरने (ती दवाखान्यात नर्स आहे) आणि उरलेल्या दोघांनी लिहिलं : आई जिवंत आहे. ही ऐकते आणि जात नाही.

बाईंनी चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा मी कवितेचा कागद उलटा घातला. सगळ्यांना वाटलं, मी टीकेने खट्टू झाले. बरं झालं.

रविवार, ८ फेब्रुवारी

काल बाईंनी कोण बरोबर हे विचारलंच नाही. ‘कोणत्या ओळीवर ठरवलंत?’ एवढंच विचारलं. टपालकाका म्हणाले, सहावीवर. सिस्टर म्हणाली, चौथीवर. ‘आता कॉलर’ ऐकलं आणि तिथेच कळलं म्हणे, दुसऱ्या हाकेनंतरही ही इस्त्रीच करतेय.

बाईंचं म्हणणं, दोन अर्थ निघणं दोन प्रकारचं असतं. एकात दोन्ही अर्थ एकमेकांना धरून उभे राहतात आणि कविता मोठी होते. दुसऱ्यात कवीने वाचकाला लागणारी गोष्ट दिलेलीच नसते, वाचक आपापल्या परीने भोक बुजवतो. कोणता प्रकार हे ओळखायला प्रत्येकाने दुसऱ्याचा अर्थ धरून पुन्हा वाचायचं आणि कुठे अडतं ते सांगायचं.

टपालकाका दुसरा अर्थ धरून निघाले आणि सहाव्या ओळीशी अडले. चष्मा काढून म्हणाले, “माणूस हाका मारता मारता आत्ताच गेलं असेल, तर खोली आवरलेली कशी? मी इतक्या घरांत तारा दिल्या. असं नसतं. ही ओळ खोटी आहे.”

शेवटी मला बोलायची परवानगी मिळाली. खुलासा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. मी विचारलं, कवितेतल्या या बाईचा राग येतो का? सिस्टर म्हणाली, “राग नाही आला. ओळखीची वाटली.”

रात्रभर ते एकच वाक्य.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. स्वतःची चूक दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं. पहिल्या ओळीत एक शब्द टाकला - ‘वरून अजून हाक येते.’ झालं! आता भांडण नको.

दादाचा फोन. मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत आईवरची कविता येणार, हे त्याला वहिनीकडून कळलंय. बावीसला येतोय, तेव्हा वाचणार. फार खूश होता. म्हणाला, “आईसाठी तू जेवढं केलंस तेवढं कुणी केलं नाही.”

आई गेल्यापासून दहा वर्षं हेच म्हणतोय. ती अंथरुणाला खिळली तेव्हा अकरा महिने मी केलं हे खरं. तो महिन्यातून एकदा यायचा, सफरचंदांची पिशवी घेऊन. ती सफरचंदं आई चार चार दिवस कापू द्यायची नाही.

त्याला मी सांगितलंय की आई झोपेत गेली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

‘अजून’ घातलेली प्रत नेली. सहाच्या सहा चिठ्ठ्या सारख्या! मला वाटलं, सुटले.

मग बाईंनी विचारलं, पुन्हा वाचावीशी कुणाला वाटते? कुणाचाच हात वर नाही. टपालकाकांचासुद्धा नाही, आणि अर्थ तर त्यांचाच जिंकला होता. सिस्टर म्हणाली की आता कविता कळली आणि संपली. मागच्या शनिवारची कवितेतली बाई आठवडाभर तिच्याबरोबर वॉर्डात फिरत होती, ही दारातूनच परत गेली.

बाई मला निघताना म्हणाल्या, “मतं मोजून कविता दुरुस्त करू नका. सगळ्यांचं ऐकायचं, पण दुरुस्त करायची ती फक्त खोटी ओळ. आणि ती कुठली, हे तुम्हाला आम्ही नाही सांगू शकत.”

सांगितलंय की टपालकाकांनी. पहिल्याच दिवशी.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज पुन्हा हाक ऐकू आली. भर दुपारी, मी भांडी विसळत असताना. नळ बंद केला. वर तर आता नुसत्या ट्रंका आहेत. तरी गेले. त्या दिवसापासून घरात इस्त्री ठेवत नाही मी, कपडे लाँड्रीत देते. मला वाटायचं तेवढ्याने भागेल.

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

खोली आवरलेली नव्हती. ती मी आवरली. चादर अर्धी जमिनीवर होती. आईचा एक हात पलंगाबाहेर, दाराकडे. पेला पडून पाणी भिंतीपर्यंत गेलेलं. मी पाणी पुसलं, हात आत घेतला, चादर छातीपर्यंत ओढली, केस सारखे केले. मग दादाला फोन केला. तो आला तेव्हा म्हणाला, किती शांत गेली.

तीच खोली मी कवितेत घातली. दादाला दाखवलेली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

‘अजून’ काढला. सहावी ओळ बदलली :

आणि तिचा एक हात दाराकडे.

ज्याने आधीची प्रत पाहिलेली नाही असा वाचक हवा होता. छापखान्यातल्या मशीनवाल्याला दिली. शाईच्या बोटांनी कागद कडेला धरून त्याने दोनदा वाचली आणि मला म्हणाला, “ताई, ही अजून जिन्यातच आहे.” मग मशीन सुरू केलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

चिठ्ठ्या पुन्हा तीन-तीन. पण या वेळी एकमेकांचा अर्थ धरून वाचताना कुणी अडलं नाही. टपालकाका म्हणाले, त्यांच्या अर्थातली आई अजून मेलेलीच आहे, पण हात त्यांनाही दिसतो. सिस्टरने आपली चिठ्ठी बाईंकडून परत मागून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

बाई म्हणाल्या, आता हात लावू नका. पुस्तिका मंगळवारी छपाईला.

आणि दादा उद्या. तो टपालकाकांसारखी वाचेल. आईची हाक अजून येते म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवेल. मी गप्प बसले तर कविता चांगलीच राहील, आणि मी आणखी दहा वर्षं त्या खोलीत.

रविवार, २२ फेब्रुवारी

दादाने वाचली. वाटलं होतं तशीच. डोळे पुसले त्याने.

मी सांगितलं. इस्त्री, पाणी, चादर, सगळं. आई जिवंत होती आणि मी ऐकलं होतं.

त्याने कवितेचा कागद टेबलावर ठेवला. मग विचारलं, “काय हाक मारत होती?”

“तुझं नाव,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा तुझंच नाव. म्हणून गेले नाही.”