सामूहिक

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा राखीव!

रसायनाच्या सरांनी फळ्यावर प्रश्नमंजुषेचा संघ लिहिला. नायक— चिऊ, माझी मामेबहीण. मग लंबू, मग चष्मिष. खाली एक रेघ मारून माझं नाव. "तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही गं. तू आपली संघांची नावं कर, त्यात तुझा हात कोणी धरणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या— बावळटच मी!

जिंकणाऱ्या तिघांना मोठ्या शहरातल्या विज्ञान संस्थेत दोन वर्षं शिक्षण, वसतिगृहासकट, फुकट. राखीवला प्रमाणपत्र. मागच्या वर्षी जिंकलेल्यांतल्या एकाने जागा नाकारली, ती त्यांच्या राखीवला मिळाली म्हणे. असे वेडे दरवर्षी थोडेच निघतात!

चिऊला काय कमी आहे? स्वतःची खोली आहे, खोलीला दार आहे. मी झोपते स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात, धुण्याच्या मशीनला पाय लावून. रात्री कोणीही उठलं की मला ओलांडून जातं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर नावांचं गिऱ्हाईक. जीवशास्त्रवाल्यांना 'गुणसूत्रधार' दिलं. गुणसूत्रही आलं, सूत्रधारही आला आणि गुण तर हवेतच. भूगोलवाल्यांना 'खोऱ्याने गुण'. नदीचं खोरं त्यांच्या दुसऱ्याच धड्यात आहे. भौतिकवाले हटूनच बसले होते, त्यांना जडत्वावरून 'जड जाऊ' दिलं. खूश! एकानेही विचारलं नाही, तुझं काय.

लोकांना वाटतं मला नावं सुचतात. सुचत नाहीत, करावी लागतात. पुस्तकामागची शब्दांची सूची घ्यायची आणि मोठ्याने वाचायची. डोळ्याने नाही, कानाने. शब्दाचं शेपूट ऐकायचं— त्याला रोजच्या बोलण्यातलं काय चिकटतंय? मग तीन परीक्षा. माईकवरून एकदाच पुकारल्यावर मागच्या रांगेला कळलं पाहिजे. लिहून दाखवावं लागतं ते नाव मेलेलं. फार फुशारकी नको, कारण हरल्यावर तेच नाव घेऊन लोक चिडवतात. म्हणून आधी आपणच स्वतःला चिडवून बघायचं. आणि दुसऱ्या कोणाला सुचेल असं नको. 'अणुभवी' दर वर्षी दोन-तीन कॉलेजं आणतात, जो आधी नोंदवेल त्याचं. बाकीचे आयत्या वेळी 'रसायन संघ अ' होऊन बसतात— शोभा!

पण या स्पर्धेत नाव म्हणजे नुसती गंमत नाही. पहिली फेरी नावफेरी. तुमच्या नावात जी संज्ञा दडलीय तिच्यावरच तीन प्रश्न, आणि उत्तरं एकट्या नायकाने द्यायची, कोणाशी न बोलता. म्हणजे नाव घेतलं की तो धडा गळ्यात.

हे चिऊला कोणी नीट समजावलेलं दिसत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दिलं नाव. 'सामूहिक'!

सामू म्हणजे द्रावण किती आंबट, किती तुरट ते सांगणारा आकडा. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी, सातला उदासीन. आणि सगळे मिळून खेळणार म्हणून सामूहिक. चष्मिष उडालाच. लंबूने बाकावर तबला वाजवला. सर म्हणाले, "वा! हे कोणाकडे नसणार."

चिऊचा हातखंडा अणुरचना. सामू म्हटलं की तिला घाम फुटतो, कारण त्यात लॉगॅरिदम येतं आणि लॉगॅरिदम बघून ती दहावीत रडली होती. हे मला माहीत आहे. म्हणूनच हे नाव.

सोमवारी १७ला सर कॉलेजातच नावफेरीची तालीम घेणार आहेत. तिथे नायक अडखळला तर राखीव त्याच्या जागी, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मी काही खोटं बोलले नाही. चांगलं नाव मागितलं, चांगलं नाव दिलं. बस.

आनंद व्हायला हवा होता. होत नाहीये.

रविवार, ९ फेब्रुवारी

करायला गेले एक आणि झालं भलतंच. चिऊने जेवताना सांगितलं की सामू तिला झेपत नाही. मामीने माझ्याकडे बघितलं. "तू आहेस ना? शिकव तिला. घरची मास्तरीण असताना बाहेर कशाला हात पसरायचे?" वर पानात वाढता वाढता, "चिऊ तिकडे गेली की हिची खोली तुलाच की गं. धाकट्याचा अभ्यासही तिथेच घेता येईल." मामा ताटातून मान वर न काढता म्हणाले, "घरचीच आहे ती."

घरचीच. म्हणजे फुकटची. बाबांच्या गावात कॉलेज नाही, म्हणून मी इथे. मामीने कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. तक्रार कशाची करू? पुढची दोन वर्षंही याच घरात काढायची, चिऊच्या धाकट्या भावाला पाढे शिकवत, एवढंच.

आणि आता मीच खणलेल्या खड्ड्यात मीच माती लोटायची!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शिकवतेय. वाईट शिकवावं म्हटलं तर जमत नाही, जीभच वळत नाही. चिऊला सांगितलं, लॉगॅरिदम विसर. सामू एकाने उतरला की आम्लपणा दहापट. दोनने उतरला, शंभरपट. जिन्याची पायरी समज, एकेक पायरी दहापट उंच. तिचा चेहरा असा उजळला! "अगं, एवढंच होतं? मग दहावीत मला रडवलं कशाला?" मला हसू आलं. तिच्यावर रागवायचं ठरवूनही फार वेळ रागवता येत नाही, हा तिचा दोष.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. उदासीन म्हणजे सात, हे फक्त पंचवीस अंशाला खरं. पाणी तापलं की त्याचे आयन जास्त सुटतात, सामू सातच्या खाली येतो— आणि तरीही ते उदासीनच असतं, कारण दोन्ही आयन सारखेच वाढतात. सरांचा आवडता प्रश्न आहे हा. मला दोनदा विचारलाय.

शिकवायला वेळ होता. नाही सांगितलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तालीम झाली. सरांनी तो प्रश्न विचारलाच नाही! तीनही उत्तरं चिऊने खणखणीत दिली. नायक कायम. सर मला म्हणाले, "शाब्बास, गुरू शोभतेस." मी पाण्याच्या बाटल्या भरायला गेले. नळाखाली हात धरून उभी राहिले, बाटली भरून वाहत होती तरी.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्या स्पर्धा. संध्याकाळी चिऊने मला गॅलरीत बसवलं, खांद्यावर जुनी चादर टाकली, केस कापले. सगळ्या घराचे तीच कापते. खालच्या पार्लरवाल्या बाई म्हणतात, या पोरीच्या बोटांत जादू आहे. पलीकडे मामी तारेवर कपडे वाळत घालत होती. कापता कापता चिऊ हळूच म्हणाली, "मला ना, हेच करायचंय. आई जीवच घेईल." मग एकदम मोठ्याने, "हलू नकोस, कान जाईल!" अर्धे कापून झाले आणि मामीने आत जाऊन तिला हाक मारली. मागची बाजू तशीच राहिली.

तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर होतं— चिऊ, तापलेल्या पाण्याचं एक राहिलंय. आता ती बाहेर आली की सांगू, झोपायच्या आधी सांगू असं करत दिवा मालवला. आता सांगून मला काय मिळणार? ती जिंकणार, मी बाटल्या भरणार. राहू दे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हरलो. पाच गुणांनी.

सभागृह मोठं, खुर्च्या लोखंडी, माईक मधूनच किंचाळणारा. कॉलेजांची नावं कोणी घेत नाही, पुकारतात ती फक्त ही नावं. दोन 'अणुभवी' आले होतेच, एकाचं झालं 'रसायन संघ अ'. 'सामूहिक' पुकारलं तेव्हा आख्खं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. माझं नाव! मी पहिल्या रांगेत मांडीवर बाटल्या घेऊन बसले होते आणि क्षणभर खरंच वाटलं, मीच वर आहे.

पहिला प्रश्न— सामू दोन आणि सामू पाच, आम्लपणात फरक किती? "हजारपट!" माझी जिन्याची पायरी. दुसराही बरोबर. तिसरा— "शंभर अंशाच्या शुद्ध पाण्याचा सामू सात, सातहून जास्त की सातहून कमी?"

चिऊने माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी नाही, ते चालत नाही. नुसतं पाहिलं, हे येतं मला अशा तोऱ्यात. आणि म्हणाली, "सात. शुद्ध पाणी उदासीन असतं."

दहा गुण गेले, प्रश्न शेजारच्या संघाकडे गेला. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही ते भरून काढत राहिलो. चष्मिषने जिवाचं रान केलं. नाही भरलं.

बसमध्ये चिऊ खिडकीला डोकं टेकून बसली होती. तशीच म्हणाली, "ते तापलेल्या पाण्याचं तुला माहीत होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

रविवार, २३ फेब्रुवारी

मामी म्हणाली, "जाऊ दे, दोघी इथेच राहा. घर भरलेलं बरं." धाकट्याने पाढ्यांचं पुस्तक आणून माझ्या मांडीत टाकलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सरांनी खोलीत बोलावलं. "आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो," म्हणाले. संघ निवडला त्याच दिवशी चिऊ त्यांना भेटून गेली होती. 'जिंकलो तर माझी जागा मी नाकारणार, ती राखीवला द्या. तिचा तो बोळ सुटला पाहिजे. पण तिला आत्ता सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही. आईच्या कानावर गेलं तर ती मोडता घालेल.' सरांनी संयोजकांना विचारून ठेवलं होतं. ते हो म्हणाले होते.

घरी आले. गॅलरीत चिऊ उभी होती, हातात कात्री, खांद्यावर ती जुनी चादर. "कुठे होतीस? ये बस, मागचे राहिलेत ना तुझे."

बसले.