साळवे बाई, मेसेज रिक्वेस्ट उघडा

कोल्हार, ७ जुलै २०१९

आदरणीय साळवे बाई,

सलाम. मी परवेझ, १९९४ च्या आठवी ‘ब’मधला. आम्ही घरचे सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल.

वर्षभर फेसबुकवर ‘अश्विनी साळवे’ शोधत होतो. मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं. ढीगभर अश्विनी निघाल्या, तुम्ही नाही. लग्नानंतर तुम्ही वाघमारे झालात, हे मला कुठं माहीत! परवा आमच्या संदीपनं शाळेच्या ग्रुपवर वर्गाचा फोटो टाकला आणि खाली कुणा अश्विनी वाघमारेंची कमेंट दिसली, “मागं मान खाली घालून उभा तो परवेझ ना?” नावावर बोट ठेवलं. प्रोफाइलवर काहीच दिसेना, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. तरी ओळखलं. आपण फ्रेंड नाही, म्हणून हा मेसेज रिक्वेस्टमध्ये पडून राहील; तुमच्या कमेंटखाली तसं लिहूनही ठेवलंय.

बाई, मी बोलताना अडखळायचो; हजेरीला ‘हजर’मधला ‘ह’च निघायचा नाही. आधीचे सर गैरहजेरी मांडायचे. पोरं ओरडायची, “सर, हाय की तो!” तुम्ही आलात, पहिल्याच दिवशी विचारलंत, “परवेझ, तुला कोणता शब्द सोपा जातो?” मी म्हणालो, “आलो.” दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गाला सांगितलंत, “आजपासून सगळ्यांनी ‘आलो बाई’, ‘आले बाई’ म्हणायचं.” कारण कुणालाच सांगितलं नाहीत. त्या वर्षी अडखळण्यावरून मला कुणी ‘फटफटी’ म्हणून चिडवलं नाही.

आज मी राहुरीच्या मार्केटात कांद्याचे लिलाव पुकारतो. लयीत पुकारताना अडत नाही. एरवी अडतो, पण बोलणं सोडत नाही. व्यापारी थांबतात माझ्यासाठी.

एवढंच सांगायचं होतं.

खरं तर एवढंच नाही. माझी उझ्मा यंदा पहिलीत गेली. तीही अडखळते. आठवडा झाला, शाळेत तोंडच उघडत नाही. लिलावात शंभर माणसांपुढं उभा राहणारा मी, तिच्यापुढं गप्प होतो. काय करू?

तुमचा विद्यार्थी,
परवेझ नबीलाल शेख

अहमदनगर, ९ जुलै २०१९

प्रिय परवेझ,

तुझी कमेंट वाचली, म्हणून तो रिक्वेस्टचा कप्पा उघडला. असा कप्पा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

‘आलो बाई’वरून मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं होतं. शिस्त मोडली म्हणाले. आपलं चुकलं का, हे मी पुढं कितीतरी वर्षं मनाला विचारत होते. परवा उत्तर मिळालं.

आता उझ्माचं. नगरला वाचा उपचार करणाऱ्या चांगल्या बाई आहेत, त्यांचा नंबर वेगळ्या मेसेजमध्ये पाठवते. उशीर करू नकोस. तोवर तिचं वाक्य तुम्ही घरच्यांनी पुरं करू नका. ‘सावकाश बोल’ असंही म्हणू नका. तिच्याकडे बघत थांबा. आणि तू तिच्यासमोर अडखळत बोल, लपवू नकोस.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल कर. तिला हवं ते, हवा तेवढा वेळ सांगू दे. मी रिटायर झाले आहे, मला कसलीही घाई नाही.

तुझी, आणि आता उझ्माचीही,
बाई