डॉ. भावना आणि बॅटवरचं लिंबू

५ डिसेंबर

पीएच.डी. करणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! वर्षानुवर्षं आपण गाइडच्या केबिनबाहेर ताटकळलो. गाइडने आपलं एकही प्रकरण शेवटपर्यंत वाचलं नाही. फक्त मार्जिन डावीकडून दीड इंच ठेवायला सांगितलं. हा अन्याय आपण किती दिवस सोसायचा?

(ही रोजनिशी कुणी वाचणार नाही. पण वक्त्याने सराव सोडू नये.)

दहा तारखेला व्हायवा. विषय: वक्तृत्व प्रशिक्षणाचा परिणाम. पनवेल-उरणच्या कॉलेजांतली दोनशे चाळीस मुलं. पहिलं भाषण, शंभरपैकी मार्क. सगळ्यात कमी मार्कांचे साठ निवडले आणि त्यांना मी स्वतः दोन महिने शिकवलं. मग सगळ्यांचं दुसरं भाषण. माझ्या साठांची सरासरी ३८ वरून ४९! अकरा मार्कांची झेप! वाणीने माणूस बदलतो, हे मी आकड्यांत सिद्ध केलं.

संकल्प: रोज एक तास प्रबंध वाचणे.

७ डिसेंबर

प्रबंध वाचला नाही. स्वतः लिहिलेलं काय वाचायचं?

धाकटा भाऊ हरेश आणि त्याच्या क्रिकेट टीमने सुकापूरच्या नाक्यावर फ्लेक्स लावला. 'आगरी समाजाची वाघीण डॉ. भावना काळूराम यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली टीमच्या अकरा जणांचे फोटो, सगळे गॉगलमध्ये. माझ्या फोटोपेक्षा कॅप्टनचा मोठा. मी म्हटलं, अरे, अजून डिग्री मिळाली नाही. हरेश म्हणाला, ताई, फ्लेक्सवाल्याकडं लगीनसराईचा रश हाय, नंतर नंबर लागनार नाय.

आई तीनदा बघून आली. बाबा म्हणाले, आपल्या घरात पयली डॉक्टर. शेजारच्या गुणाबाई लगेच गुडघा दाखवायला आल्या.

९ डिसेंबर, संध्याकाळ

पूर्ण तयारी. परीक्षक आभा मॅडम नाशिकहून येणार. कडक आहेत म्हणे. असू देत. आवाज खालच्या पट्टीत सुरू करायचा, निष्कर्षाला वर न्यायचा, मग थांबायचं. टाळ्या.

९ डिसेंबर, रात्री साडेदहा

हरेश अंगणात बॅटच्या मुठीला लिंबू बांधत होता. विचारलं तर म्हणे त्यांच्या टीममधल्या मितेशला नजर लागली. रविवारी त्याने वीस बॉलमध्ये एकाहत्तर मारले, मॅन ऑफ द मॅच, एअर कूलर जिंकला. पुढच्या मॅचला पहिल्याच बॉलवर बोल्ड. आणि दरवेळी असंच होतं म्हणे. कूलर घरी आला की रन जातात.

माझ्या घरात अंधश्रद्धा? ओट्यावर चढून बोलले. अरे, एकाहत्तर म्हणजे फक्त मितेशचा खेळ नव्हे. त्यात दोन सुटलेले कॅच होते, सोपी बॉलिंग होती, नशीब होतं. बक्षीस कुणाला मिळतं? ज्याचा खेळ आणि नशीब एकाच दिवशी जोरात असतं त्याला. पुढच्या मॅचला खेळ तोच राहतो, नशीब तेवढंच राहील याची हमी नाही. म्हणून वर गेलेला सरासरीकडे खाली येतो. तसाच जो अगदी खाली गेला असेल, तो काहीही न करता वर येतो! यात नजर नाही की लिंबू नाही!

हरेशने बॅट उलटसुलट करून पाहिली. मग त्याने लिंबू सोडलं. म्हणाला, पटला ताई. एकदम पटला.

आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. झोपते.

९ डिसेंबर, रात्री पावणेबारा

'जो अगदी खाली गेला असेल, तो काहीही न करता वर येतो.'

मी सगळ्यात कमी मार्कांचेच साठ घेतले होते.

१० डिसेंबर, पहाटे दोन

शांत. तपासते आहे.

पहिल्या भाषणात वरच्या साठांची सरासरी ७४. त्यांना मी काहीच शिकवलं नाही. दुसऱ्यात ६५. पाचव्या प्रकरणात मी लिहिलंय: 'ही घसरण अप्रशिक्षितांच्या अहंकाराची.' बारा पानं. सुरेख पानं.

तो अहंकार नव्हता. कूलर होता.

एकूण सरासरी ५६. वरचे साठ अठरा मार्कांनी वर होते, दुसऱ्या वेळी नऊंनीच वर. अंतर निम्मं झालं. खालचे साठ अठरांनी खाली होते. त्यांचंही अंतर आपोआप निम्मं होणार, म्हणजे मी घरी झोपून राहिले असते तरी ते ४७ वर आले असते. आले ४९ वर. माझी कमाई अकरा नाही, दोन. आणि दोन मार्क तर साठ मुलांत नुसत्या योगायोगानेही इकडेतिकडे होतात.

शेवटची आशा म्हणून उलटं करून पाहिलं. ज्यांना शिकवलंच नाही त्यांतले दुसऱ्या भाषणात सगळ्यात खाली गेलेले घेतले आणि त्यांचे पहिले मार्क काढले. पहिले बरेच जास्त, म्हणजे उलट्या क्रमाने मोजलं तरी खालचे वर! माझं नसलेलं प्रशिक्षण काळात मागे जाऊनसुद्धा काम करतं.

१० डिसेंबर, पहाटे चार

गाइडना सहा वर्षांत दिसलं नाही, आभा मॅडमना एका दिवसात कसं दिसेल? शिवाय दोन हाही आकडाच. शून्याहून मोठा. आणि नाक्यावर फ्लेक्स आहे, बाबांनी मामांना आपट्याहून बोलावलंय.

ठराव: गप्प राहणे. विचारलंच तर आवाज वाढवणे.

१० डिसेंबर, दुपार

व्हायवा झाला. खुला असतो, कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्नही विचारू शकतं. मागच्या दोन रांगांत अख्खी क्रिकेट टीम, गॉगल लावून. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात.

मी उत्तम बोलले. आभा मॅडम म्हणाल्या, पाचवं प्रकरण सर्वांत वाचनीय आहे, अहंकाराची मीमांसा तर फारच. माझा ठराव यशस्वी. गाइड घड्याळ बघू लागले. औपचारिकता म्हणून अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही?

हरेश उठला. गॉगल काढला. अभिमानाने फुलला होता. म्हणाला, मॅडम, मना तर एकदम समजला. ताईनी कालच शिकवला. वरचे खाली आले ना, ते आमच्या मितेशसारखा. अहंकार नाय न् नजर नाय, नशीब निस्तं. न् खालचे बी तसेच वर आले. काही न करता. बरोबर ना ताई?

आभा मॅडमनी पेन खाली ठेवलं. पानं उलटली. ३८, ४९, ७४, ६५. मग माझ्याकडे पाहून विचारलं, बरोबर का, ताई?

माझ्या वाणीने आजवर एकच माणूस खरोखर बदलला. तो समोर उभा होता. नाही म्हटलं असतं तर त्याने संध्याकाळी पुन्हा लिंबू बांधलं असतं.

बरोबर, म्हणाले. आवाज वाढवला नाही. रात्रीचं सगळं सांगितलं, उलटं मोजलेलंसुद्धा. टाळ्या नाहीत. बाबा शेजारच्याला विचारत होते, पास का?

निर्णय: डिग्री आज नाही. प्रयोग पुन्हा. आभा मॅडम म्हणाल्या, कमी मार्कांची मुलं घ्यायला हरकत नाही, पण चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करा. एकाला शिकवा, दुसऱ्याला नको. नशीब दोघांनाही सारखंच वर आणील. त्यावर जे उरेल तेवढंच तुमचं. त्या दोन मार्कांतला एक तरी उरू दे, असं म्हणून हसल्या. मला हसू आलं नाही.

११ डिसेंबर

नीट विचार केला तर हा पराभव नव्हे. कालचा दिवस वाईट होता, म्हणजे पुढचा आपोआप बरा जाणार. हे आता मी शास्त्रानेच...

नाही. खोडते.

हरेश माझ्याशी बोलत नाही, मीही नाही. त्याच्या ताटात आईने वाढलेला बोंबील मी उचलला, तरी गप्प. मितेशने काल संध्याकाळच्या मॅचला चौतीस काढले. ना एकाहत्तर, ना शून्य.

गुणाबाई सकाळी दुसरा गुडघा घेऊन आल्या. नाक्यावर रिक्षावाले 'डॉक्टर' म्हणून हात करतात, आणि वारा आला की माझं नाव अख्ख्या सुकापूरवर फडफडतं.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, भाषण नको, उपदेश नको. हरेश, शिडी आण आणि तो फ्लेक्स उतरव.